खोटं गाव उभं करताना खरं काय सापडलं

मंडळी, आज पाणीकपात नाही, खड्डे नाहीत, लोकलचा गोंधळही नाही. आज एका अशा गावाबद्दल लिहितोय जे नकाशावर नाही. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

झालं असं की आपल्याकडच्या काही कॉलेजच्या पोरांनी एकांकिका बसवायला घेतली. काळ १९३५च्या आसपासचा, गाव बदलापूर स्टेशनपासून दोन तासांच्या पायवाटेवरचं. नाव ठेवलं करंजोणे. या नावाचं गाव कुठे असलंच तर तो योगायोग समजा. मी पत्रकार, त्यामुळे ‘सर, गावाचं जरा बघून द्या’ म्हणून संहिता माझ्याकडे आली. मी वाचली, दोन-चार शब्द बदलले आणि छान आहे म्हणून परत दिली. गावात पाटलाचा वाडा होता, चावडी होती, बारा बलुतेदार होते. नायिका ज्वारीच्या भाकरी थापत होती आणि मिशीवाला सावकार हंटर घेऊन फिरत होता.

पहिल्या वाचनाला एका मुलीचे आजोबा आले होते. वय ऐंशीच्या पुढे, मूळचे बारवीकडच्या पट्ट्यातले. शेवटपर्यंत गप्प बसले. मग म्हणाले, “गाव चांगला हाय, पन आमचा नाय. ह्या गावात लोक खातात काय?”

सगळे हसले. मला मात्र रात्री झोप लागली नाही, कारण प्रश्न बरोबर होता. आम्ही गाव सिनेमातून उचललं होतं. देशावरच्या गावाचं बारीक वर्णन त्र्यंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’त १९१५ सालीच करून ठेवलंय, पण ते आपल्या डोंगर-खाचरांच्या मुलखाला जसंच्या तसं बसत नाही. इथे ज्वारी नाही, भात आहे. तेही वर्षातून एकदाच, पावसाच्या जोरावर.

मग मी वही घेतली आणि करंजोणेचा हिशोब मांडायला बसलो. खोट्या गावाचाही हिशोब खरा असावा लागतो. खालचे आकडे माझे गृहीत धरलेले आहेत, पण प्रमाण त्या काळच्या जिरायती भातशेतीला धरून आहे.

साठ घरं, तीनशे माणसं. लहान-मोठे सगळे धरून माणशी रोज ४०० ग्रॅम तांदूळ. भात कांडून साधारण दोन तृतीयांश तांदूळ निघतो, म्हणजे माणशी वर्षाला २२० किलो भात लागतं. गावाची गरज ६६,००० किलो. भाताची जमीन दीडशे एकर धरली. गावठी वाण, खत म्हणजे शेण आणि राख, म्हणून एकरी ७०० किलो. उत्पन्न १,०५,००० किलो. बघा, गाव सुखात दिसतंय ना?

आता जमीन कोणाची ते बघू. दीडशेपैकी १२० एकर सावकाराची आणि बाहेर राहणाऱ्या मालकांची, कसणारी कुळं गावातली. खंड अर्धेलीने, म्हणजे निम्मं पीक मालकाला. ४२,००० किलो खळ्यावरूनच गेलं. बियाणाचं आणखी पावणेचार हजार बाजूला काढायचं. उरलं ५९,२५० किलो. तूट ६,७५० किलो, म्हणजे गावाला सदतीस दिवस पुरेल इतकं भात कमी. भादव्यात कणगी रिकामी, आणि नवीन भात यायला अजून महिना-सव्वा महिना.

या महिन्याला गाव सावकाराकडून खावटी आणतं. खावटी म्हणजे खाण्यापुरतं उसनं धान्य. परत करायचं दिढीने: एक मण नेलं तर सुगीला दीड मण. दर साल, दर शेकडा असली भानगड नाही. कर्ज दोन महिन्यांचं असो की सहा, व्याज निम्मंच.

पोरांना मी हे फळ्यावर करून दाखवलं. दुसऱ्या वर्षी मूळची तूट आहेच, वर गेल्या वर्षीचं दीडपट फेडायचं. तूट ६,७५० वरून १६,८७५ वर जाते. म्हणजे त्र्याण्णव दिवस, कणगी आषाढातच संपली. ऐन आवणीत, कंबरभर चिखलात उभं राहायचं तेव्हा घरात दाणा नाही. तिसऱ्या वर्षी तूट ३२ हजारांच्या वर. एकशे सत्याहत्तर दिवस. जवळजवळ अर्धं वर्ष.

सावकार करणारा मुलगा म्हणाला, “सर, मग मला हंटर कशाला पाहिजे?”

खरंच नको होता. हंटर आम्ही काढून टाकला आणि त्याच्या हातात पायली दिली. धान्य मोजायचं माप. माप घेताना शीग लावून घ्यायचं, म्हणजे वर ढीग करून. देताना हात फिरवून सपाट द्यायचं. त्या एका हालचालीत सगळी सत्ता आली, संवाद लागलाच नाही.

पण हिशोबात एक अडचण होती, आणि खरी मजा तिथेच आहे. या आकड्यांप्रमाणे करंजोणे तिसऱ्या-चौथ्या वर्षी उपाशी मरतं. खरी गावं मेली नाहीत. म्हणजे काहीतरी माझ्या वहीत नव्हतं. मी पुन्हा त्या आजोबांकडे गेलो.

ते म्हणाले, “भात वर्षभर कोन खात होता?” वरकस जमिनीवर, म्हणजे उतारावर, नाचणी आणि वरी. सकाळी पेज नाहीतर आंबील. पहिल्या पावसात वलगणीचे मासे, खाचरातले खेकडे, शेवळं, टाकळा, कुरडू, रानातले कंद. शहरात आज रानभाजी महोत्सव भरतो, तेव्हा ते श्रावणातलं रेशन होतं. मग रोख पैसा: उन्हाळ्यात जांभळं, करवंदं, आंबे डोक्यावर घेऊन स्टेशनला. (आपल्या बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळालंय, ती टोपली हीच.) दिवाळीनंतर गवत कापायचं, ते मुंबईच्या तबेल्यांना जायचं. रानात कोळशाच्या भट्ट्या, तिथे राबायची कातकरी कुटुंबं, आगाऊ उचल घेऊन बांधलेली. त्या पैशातून येणार मीठ, सुकी मासळी, रॉकेल आणि वर्षाचं एक लुगडं.

म्हणजे गाव शेतावर अर्धं आणि रानावर अर्धं जगत होतं. आणि रानाशिवाय भातही नाही, कारण राब. आवणीची रोपं तयार करायला उन्हाळ्यात जमिनीवर शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत आणि वर माती असे थर देऊन जाळायचे. ऐनाचे फाटे त्यासाठीच तोडायचे. ते फाटे सरकारी जंगलातले असतील तर परवानगी कोणाची? जंगलखात्याच्या शिपायाची. आमच्या संहितेत हा माणूस नव्हताच. मिशीवाल्या पाटलापेक्षा गाव त्याला जास्त घाबरणार. कोंबडी पहिली त्याच्या घरी जाणार.

बलुतेदारांचंही असंच झालं. एका कारागिराच्या पाच माणसांच्या घराला वर्षाला ११०० किलो भात लागतं. प्रत्येक घराने वीस किलो दिलं तर साठ घरांचे १२०० होतात. म्हणजे गाव कसाबसा एकच कारागीर पोसतं, बारा कुठून आणणार? आम्ही एक सुतार ठेवला. लोहार शेजारच्या मोठ्या गावचा, तो चार गावांचे फाळ आणि कोयते शेवटतो. मडकी बाजारातून. कणग्या आणि सुपं विणणारं घर चार पाड्यांत एक. बारा जणांचे कपडे शिवायचा खर्चही वाचला.

आता जे सांगायचं होतं ते.

फळ्यावर पायलीचं चित्र काढताना माझा हात थांबला होता. माझे आजोबा एका सावकाराच्या कोठारावर मापाडी होते. आमच्या घरात ही अभिमानाची गोष्ट. ‘बाबांच्या मापात एक दाणा इकडचा तिकडे व्हायचा नाही’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. तालमीनंतर मी त्या आजोबांना हे सांगितलं. ते वाईट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, “मापाड्याचा हात मालक ठरवायचा. त्यालाबी पोरं होती.”

घरी येऊन मी आईला विचारलं, बाबा शीग लावायचे का? ती बराच वेळ भांडी पुसत राहिली. मग म्हणाली, “आपल्या घरात श्रावणातपण भात शिजायचा.” बस. बातमी तेवढीच.

एकांकिकेत मग मापाड्याचं पात्र आलं. तो खलनायक नाही. त्याला फक्त श्रावणात भात मिळतो.

शेवट काय करायचा यावर पोरं भांडली. कोणी म्हणालं उठाव दाखवू. चरीला, अलिबागजवळ, १९३३ पासून नारायण नागू पाटलांच्या मागे कुळांनी खोतांची जमीन सहा वर्षं कसली नाही, ते खरंच घडलंय. पण संप करायला पोटाला दुसरीकडून काहीतरी यावं लागतं. करंजोणेत ते ‘दुसरीकडून’ काय? आमचं उत्तर होतं अंबरनाथ. काडेपेटीचा विम्को कारखाना विशीच्या दशकातच आला होता. एका घरातला मुलगा तिथे लागतो. त्या भादव्यात ते घर खावटीला जात नाही. बाकी काही होत नाही, फक्त सावकाराच्या ओट्यावर एक माणूस कमी असतो आणि मापाड्याच्या ते लक्षात येतं. पडदा.

पुढे १९४८चा कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ला कसणारा मालक मानला गेला. पण कागदावर ज्याचं नाव कुळ म्हणून लागलं त्याच्यासाठीच. ज्याने तोंडी बोलीवर कसलं आणि जे कातकरी भट्टीवर होते, त्यांच्यासाठी ती तारीख कोरीच गेली.

आता त्याच पट्ट्यात टॉवर उभे राहताहेत. भात कोणी मोजत नाही. पण कुठल्याही गावची सत्ता शोधायची तर प्रश्न तोच आहे: घरात संपल्यावर लोक कोणाच्या दारात जातात, आणि तिथे माप कोणाच्या हातात आहे? मे महिन्यात टँकरच्या रांगेत उभे राहाल तेव्हा बघा.

प्रयोगाची तारीख ठरली की टाकतो. तोवर घरातल्या म्हाताऱ्यांना एकच विचारा: श्रावणात काय खायचात? आणि जे उत्तर मिळेल ते खाली लिहा. कोणाच्या घरात भात शिजत होता तेही लिहा. मी सुरुवात केलीच आहे.