‘गरीब व होतकरू’ लिहून संशोधनाला प्रवेश मिळत नाही

आपल्या मुलांच्या शिफारसपत्रात एक वाक्य हमखास सापडते: ‘सदर विद्यार्थी अत्यंत गरीब कुटुंबातील असून होतकरू, कष्टाळू व नम्र आहे.’ बारामतीत अर्थशास्त्र शिकवताना अशी कितीतरी पत्रे आमच्या नजरेखालून गेली. वसतिगृहाच्या प्रवेशाला ते चालेल, फी माफीला चालेल. संशोधनाच्या पदव्युत्तर पदवीला चालत नाही. हा माणूस स्वतः प्रश्न शोधतो का, पुरावा कसा गोळा करतो आणि पुरावा उलटा गेला तर काय करतो, हे तिथल्या निवड समितीला पाहायचे असते. नम्रतेतून यातल्या एकाचेही उत्तर मिळत नाही. (आणि नम्रतेचे प्रमाणपत्र आपल्याच पोरांना का द्यावे लागते, हा वेगळा विषय आहे.)

दुसरी रीत त्याहून वाईट: ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ पोरगं कुठलातरी नमुना उतरवून आणतं, सर सही ठोकतात. ज्यांच्या घरात मामा-काका प्राध्यापक आहेत त्यांचे पत्र कोणीतरी बसून लिहितो. आपल्या मुलांना मिळते ती फक्त सही.

गेल्या वर्षी आमची एक माजी विद्यार्थिनी पत्र मागायला आली. इंदापूर तालुक्यातल्या, नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडच्या गावातली. एम.ए.ला रोज एसटीने येजा करायची. एम.फिल. यूजीसीच्या 2022 च्या नियमावलीने बंद झाले, म्हणून तिने ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात एमरेस या संशोधनप्रधान पदवीसाठी अर्ज केला होता. तिथे दोन शिक्षकांची पत्रे लागतात आणि ती शिक्षकानेच परस्पर पाठवायची असतात. आम्ही तिच्याकडून चार गोष्टी मागून घेतल्या: गुणपत्रके, तिचा लघुप्रबंध, अभ्यासक्रमाची माहिती आणि तिने लिहिलेला संशोधन प्रस्ताव. पत्राचा मजकूर मागितला नाही.

तिचा लघुप्रबंध महार वतनाच्या जमिनींना कालव्याचे पाणी मिळते का, यावर होता. वतने 1958 च्या कायद्याने गेली आणि जमिनी नव्या शर्तीवर पुन्हा वतनदारांच्या नावावर झाल्या, हे आपण भाषणांत ऐकतो. ही पोरगी तलाठी कार्यालयातून सातबारा आणि जुने फेरफार काढून प्रत्येक गटावर पायी गेली. सातबाऱ्यावर ऊस आणि रानात ज्वारी, असेही गट निघाले. तिने ते वगळले नाहीत. तक्त्यात दोन रकाने केले, एक ‘कागदावर’ आणि एक ‘पाहिलेले’. असे करायला आम्ही सांगितले नव्हते, आणि नेमके तेच पत्रात आले पाहिजे होते.

पण पत्राचा कणा दुसऱ्याच गोष्टीवर उभा राहिला. तिची सुरुवातीची धारणा अशी होती की चारीवर जात आडवी येते, शेजपाळीत आपल्या रानाची पाळी डावलली जाते. काही ठिकाणी तसे दिसलेही. पण बहुतेक गटांवर वेगळेच निघाले. पाणी मागण्याचा सात नंबरचा अर्जच कोणी भरला नव्हता. एकेका सातबाऱ्यावर भावकीतली डझनभर नावे, त्यातले अर्धे लोक पुण्या-मुंबईला, जुनी पाणीपट्टी थकलेली, ती कोणी भरायची यावर एकमत नाही. तिला हवा तो निष्कर्ष येईना. त्या वेळी गावातल्या आपल्याच एका कार्यकर्त्याने तिला ऐकवले, ‘ताई, हे छापलंस तर ते म्हणतील तुमचाच दोष.’

तिने ते छापले आणि पुढचा प्रश्न विचारला: ही नावे एवढी का वाढली? वतनाची जमीन मुळात तुटपुंजी, तिच्यावर सगळ्या भावकीचा हक्क, आणि नव्या शर्तीमुळे परवानगीशिवाय विक्री नाही. म्हणजे जात पाटकऱ्याच्या हातात शोधत होतो, ती सातबाऱ्याच्या इतर हक्कांत सापडली. बाबासाहेबांनी लहान धारण जमिनींवर 1918 सालीच निबंध लिहिला आणि 1928 मध्ये मुंबई कायदे मंडळात वतनाचे विधेयक आणले. तिने ते दोन्ही वाचून आपल्या गटांशी ताडून पाहिले.

आमच्या पत्रातला मुख्य परिच्छेद मराठीत सांगायचा तर असा होता: ‘मी तिला दोन वर्षे दोन विषय शिकवले व तिच्या लघुप्रबंधाचा मार्गदर्शक होतो. तिच्या गृहीतकाविरुद्ध माहिती येऊ लागली तेव्हा तिने नमुना बदलला नाही, प्रश्न बदलला. त्याचे कारण प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात तिने स्वतः नोंदवले आहे. आठ वर्षांत मी मार्गदर्शन केलेल्या विद्यार्थ्यांपैकी असे करणारी ती दुसरी.’ ‘अत्यंत हुशार’ हे शब्द पत्रात कुठेच नाहीत. ‘दुसरी’ लिहिले, कारण पहिला एक मुलगा होता. सगळ्यांनाच सर्वोत्तम म्हणणाऱ्या शिक्षकाचे पत्र पुढच्या वर्षी कोणी वाचत नाही.

उणीवही लिहिली. तिचे इंग्रजी लेखन संथ आहे, पहिल्या मसुद्यात वाक्ये अडखळतात. पण तिने प्रत्येक प्रकरण तीनदा लिहिले आणि तिसरा मसुदा आम्हाला जवळपास दुरुस्त करावा लागला नाही. दोष तेवढा लिहून सोडला तर घात होतो. त्यावर विद्यार्थी काय करतो, हेही सांगावे लागते.

पत्रात पदवीची स्थिती अचूक हवी, हे बाबासाहेबांच्याच बाबतीत दिसते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी केलेली एम.एस्सी. ही संशोधनाचीच पदव्युत्तर पदवी. कोलंबियातले त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी तिथल्या प्रा. फॉक्सवेल यांच्याकडे त्यांची शिफारस केली होती. नोव्हेंबर 1920 मध्ये फॉक्सवेल यांनी संस्थेच्या सचिवांना कळवले, ते असे: या गृहस्थांनी डॉक्टरेट आधीच घेतली आहे, ते केवळ संशोधनासाठी आले आहेत, त्यांनी इथे जिंकावे असे आता काही उरलेले नाही, त्यांना संस्थेशी जोडता येत नाही याचा खेद वाटतो. वास्तविक कोलंबियाची पीएच.डी. त्यांना रीतसर मिळाली ती 1927 मध्ये, प्रबंध छापून दाखल झाल्यावर. म्हणजे एवढी मोठी शिफारस पाठीशी असूनही झालेले आणि व्हायचे यात गल्लत होऊ शकली. बाबासाहेबांनी प्रवेश मिळवला आणि 1921 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवहारावरच्या प्रबंधाला एम.एस्सी. घेतली. आमच्या विद्यार्थिनीचा शेवटच्या सत्राचा निकाल लागला होता, पदवी प्रमाणपत्र यायचे होते. पत्रात आम्ही तसेच, दोन स्वतंत्र वाक्यांत लिहिले.

जात लिहायची का? हा निर्णय शिक्षकाचा नाही. आम्ही तिला विचारले. ती म्हणाली, ‘सर, वतनाची जमीन आमच्या घरचीपण आहे, तेवढं लिहा. गरिबी लिहू नका.’ मग वाक्य असे झाले की ती स्वतः अशा एका गटाची सहहिस्सेदार असून तो गट तिने नमुन्यातून बाहेर ठेवला. जात आली ती संशोधकाच्या शिस्तीचा पुरावा म्हणून. दयेची याचना तिच्यात नव्हती.

राहिला तांत्रिक भाग, आणि अर्ज अडकतात ते इथेच. बरीच विद्यापीठे खासगी जीमेलवरून आलेले पत्र घेत नाहीत, त्यांना संस्थेचा ईमेल लागतो. आमच्याकडच्या अनेक शिक्षकांचा असा पत्ता तयार असतो, पण पासवर्ड कोणालाच आठवत नाही. दुसरे पत्र देणाऱ्या सरांचा पत्ता कार्यालयातून सुरू करून घ्यायला पाच दिवस गेले. मुदतीला सहा राहिले होते. पत्र पाठवल्यावर आठवड्याने विद्यापीठाकडून आम्हाला विचारणा आली की हे पत्र तुम्हीच लिहिले आहे का, आणि तिसऱ्या प्रकरणाची प्रत मिळेल का. प्रत त्याच संध्याकाळी पाठवली.