चार टक्क्यांत न सापडलेली चोरी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे डोळ्याचं काम निघालं होतं, ते आता ठीक आहे. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण घरातूनच आलेला आहे.

माझी नात पुण्याला समाजशास्त्रात एम.ए. करते. प्रबंधासाठी तिनं आमच्याच भागातल्या वीटभट्ट्यांवर काम करणाऱ्या बायका निवडल्या. वज्रेश्वरीला देवीच्या दर्शनाला आणि गरम पाण्याच्या कुंडांवर येणाऱ्यांना भट्ट्या सहसा दिसत नाहीत. पण दिवाळी झाली की पाडेच्या पाडे रिकामे होतात. कातकरी कुटुंबं पावसाळ्यात घेतलेला बयाणा फेडायला भट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. नात दोन हिवाळे येऊन राहिली आणि अकरा बायकांशी बोलली. ओळख करून द्यायला पहिल्या दिवशी मी बरोबर गेलो होतो.

परवा तिनं एक प्रकरण 'भाषा तपासून द्या' म्हणून पाठवलं. फोनवर खुशीत म्हणाली, "आजोबा, सॉफ्टवेअरनं फक्त चार टक्के साम्य दाखवलंय!" विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, म्हणजे ही अगदी सुरक्षित. मी लाल पेन घेऊन बसलो ते ऱ्हस्व-दीर्घ बघायला. पण चौथ्या पानावर अडकलो.

तिथं एका बाईचं वाक्य अवतरणचिन्हांत होतं: "बयाणा घेतल्यावर माणसाचं स्वातंत्र्य संपतं." वाक्य चांगलं आहे. पण मी चाळीस वर्षं या भागातली मुलं शिकवली, त्यांच्या आया वर्गाच्या दाराशी उभ्या राहून बोलायच्या. 'स्वातंत्र्य' हा शब्द पंधरा ऑगस्टच्या भाषणातला, त्यांच्या रोजच्या बोलण्यातला नव्हे. नातीला विचारलं, ध्वनिमुद्रण आहे का? होतं. तिनं ते काढून ऐकलं. बाई म्हणाली होती, "बयाणा घेतला का मंग आपला जीव आपला नाय राहत."

आता बघा, दोन वाक्यांत किती फरक आहे. स्वातंत्र्य संपणं हा नातीचा निष्कर्ष. जीव आपला न राहणं हा त्या बाईचा अनुभव, आणि त्यात नुसतं स्वातंत्र्य नाही, दुखणं-खुपणं, बाळंतपण सगळंच आलं. नातीनं स्वतःचा विचार बाईच्या तोंडी घातला आणि वर तो पुरावा म्हणून वापरला. यात वाईट हेतू नव्हता, तिला वाटलं आपण फक्त 'शुद्ध' केलं. पण अवतरणचिन्ह म्हणजे वाचकाला दिलेला शब्द असतो, की हे असंच्या असं बोललं गेलं. मधलं काही गाळलं तर तीन टिंबं, अर्थासाठी आपला शब्द घातला तर तो चौकटी कंसात, कातकरी बोलीतून प्रमाण मराठीत आणलं तर 'भाषांतर माझे' अशी नोंद आणि मूळ वाक्य परिशिष्टात. एवढं जमत नसेल तर चिन्हं काढून 'एका बाईच्या सांगण्याचा आशय असा' म्हणावं. आशय दिला तरी तो कुणाचा हे सांगावंच लागतं.

मग मी म्हटलं, बाकीची अवतरणंही मिळवून बघ. त्यात दुसरी गोष्ट निघाली. तीन बायकांनी यंत्र लावू दिलं नव्हतं. त्यांचं बोलणं नातीनं रात्री आमच्या ओसरीवर बसून आठवून वहीत लिहिलं होतं. सहा महिन्यांनी तीच वही उघडल्यावर कुठलं वाक्य बाईचं आणि कुठलं आपलं, हे तिलाच कळेना. वहीत सगळं एकाच शाईत, एकाच ओळीत होतं.

यावर उपाय वही लिहितानाच करावा लागतो, नंतर काही होत नाही. जागेवर जसंच्या तसं टिपलेलं दुहेरी अवतरणात, मागून आठवलेलं एकेरीत, आणि आपले विचार पानाच्या उजव्या बाजूला समास पाडून वेगळे. प्रत्येक पानावर तारीख, जागा, शेजारी कोण बसलं होतं ते. (मुकादम जवळ उभा असताना दिलेलं उत्तर आणि चुलीपाशी दिलेलं उत्तर एक नसतं!) त्या तीन बायकांची सगळी दुहेरी चिन्हं नातीनं काढून टाकली. प्रकरण थोडं फिकं झालं, पण खरं झालं.

तिसरी गोष्ट तिनं स्वतःहून सांगितली, रडवेली होऊन. एक परिच्छेद तिच्या वहीतला नव्हताच. दुसऱ्या तालुक्यात काम करणाऱ्या मैत्रिणीनं तिला आपली टिपणं वाचायला दिली होती, त्यातलं एक वर्णन हिच्या टिपणांत मिसळलं आणि तसंच उतरलं. न छापलेली टिपणंही कुणाची तरी असतात. मैत्रिणीला विचारून तिचं नाव, 'अप्रकाशित क्षेत्रटिपणे' आणि तारीख दिली की वर्णनाचा प्रश्न सुटतो. पण त्या परिच्छेदात एका बाईचं बोलणंही होतं, आणि तिथं मैत्रिणीचा होकार पुरत नाही. ती बाई त्या मैत्रिणीशी, तिच्या कामासाठी बोलली होती. ते बोलणं मैत्रिणीच्या मालकीचं नाही की तिनं ते पुढं उसनं द्यावं. ते वाक्य काढावं लागलं.

आता सांगा, या तिन्हींपैकी सॉफ्टवेअरला काय दिसलं? काहीच नाही. ते छापलेल्या, साठवलेल्या मजकुराशी ताडून बघतं. भट्टीवरच्या बाईचं बोलणं कुठल्याच साठ्यात नाही. लिहिलेलं चोरलं तर यंत्र पकडतं, बोललेलं चोरलं तर ज्याचं त्यानंच पकडायचं.

संमतीचं तर आणखी अवघड. नातीकडे विभागानं दिलेला छापील फॉर्म होता, खाली अंगठ्याची जागा. बायका अंगठा द्यायला तयार होईनात. नातीला वाटलं त्यांना बोलायचं नाही. पण त्या बोलत तर होत्या! अंगठ्याची भीती वेगळी होती. बयाण्याच्या हिशेबालाही अंगठाच द्यावा लागतो. मग तिनं मार्गदर्शकांना विचारून तोंडी संमती घेतली: मुद्रणाच्या सुरुवातीला काय विचारणार, कुठं छापणार, मधेच थांबता येईल, हे सांगायचं आणि होकार आवाजातच नोंदवायचा.

इथं माझाही दोष आहे. पहिल्या दिवशी मी बरोबर होतो. 'गुरुजींची नात' म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याचा हो हा हो नसतो. म्हणून यंदा ती एकटी गेली आणि जी अवतरणं प्रबंधात जाणार, ती त्या त्या बाईला वाचून दाखवली. दोघींनी एकेक वाक्य काढायला लावलं.

नावं तिनं बदललीच होती. पण एका ठिकाणी लिहिलं होतं, 'अमुक पाड्यावरची विधवा, जिचा थोरला रिक्षा चालवतो आणि धाकट्याची बोटं भट्टीवर गेली.' अहो, त्या पाड्यावर अशी एकच बाई! शेठला नावाची गरजच नाही. पुढच्या वर्षी त्या घराला बयाणा मिळेल का, हा प्रश्न त्या एका ओळीवर होता. पाडा आणि रिक्षा काढली. बोटांचं ठेवलं, कारण मुद्दा तोच होता, आणि भट्टीवर बोटं गमावलेली पोरं दुर्दैवानं एकच नाहीत. तपशील बदलले आहेत हे तिनं पद्धतीच्या प्रकरणात सांगून टाकलं. खऱ्या नावांची यादी वेगळ्या वहीत, कुलपात. अशी संशोधकानं घेतलेली मुलाखत संदर्भसूचीत जात नाही, मजकुरातच टोपणनाव आणि महिना येतो.

म्हणजे नाव लपवणं हाच नियम, असं मात्र समजू नका. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक 1989 मध्ये काढलं, आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या मुलाखती घेऊन. तिथं नाव देणं हाच न्याय होता, कारण त्या बायका इतिहासातून गळलेल्या होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गावोगावी फिरून जमवल्या. आता त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर आहेत, आणि ओव्यांबरोबर गाणारीचं नाव नि गाव दिलेलं असतं. भट्टीवरच्या बाईचं नाव द्यायचं नाही आणि ओवी गाणारीचं गाळायचं नाही, दोन्ही एकाच कारणासाठी. ते ठरवणं तिच्या हातात हवं.

हे लिहिताना माझा हात थोडा अडखळतोय, कारण आता माझी पाळी. पुष्कळ वर्षांपूर्वी मी शिकवत होतो तिथल्या स्मरणिकेत जात्यावरच्या ओव्या छापल्या होत्या. खाली लिहिलं, 'संकलन' आणि माझं नाव. ओव्या सगळ्या एकाच बाईच्या होत्या, माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईच्या. दोन संध्याकाळी तिनं सांगितल्या, मी उतरवल्या. छापून आल्यावर मी अंक नेऊन दिला. तिला वाचता येत नव्हतं. मुलानं वाचून दाखवलं. ती हसून म्हणाली, "गुरुजींचं नाव छान आलंय." मला तेव्हा त्यात काहीही खुपलं नाही. आज खुपतं.

नातीला लाल पेनानं इतकं शिकवल्यावर गप्प बसणं बरं दिसेना. ती बाई जाऊन बरीच वर्षं झाली. मागच्या आठवड्यात तिच्या मुलाकडे गेलो, अंक घेऊन. तोही आता पन्नाशीचा. म्हणालो, माझ्याकडच्या प्रतीत आणि वाचनालयाच्या प्रतीत तिचं नाव हातानं लिहितो, चालेल का? त्यानं ओव्या पुन्हा वाचल्या, एकीवर बोट ठेवलं. सासरच्या घरातलं काही होतं तिच्यात. म्हणाला, "नाव लिहा गुरुजी, पण ही खोडा. आईनं ती तुम्हाला सांगितली असंल, गावाला नसंल सांगितली."

दोन्ही प्रतींत नाव लिहिलं आणि ती ओवी खोडली. तुम्हांला वाटेल मग इथं नाव का देत नाही. त्यानं परवानगी त्या दोन प्रतींसाठी दिलीय, इथल्यासाठी मी अजून विचारलेलं नाही. पुढच्या सोमवारी बाजारात भेटेल, तेव्हा विचारीन.

असो. चहा थंड झाला. तुमच्या घरी अशा जुन्या वह्या, अंक असतील तर एकदा उघडून 'संकलन'च्या खालचं नाव बघा.