सरांचे पत्र

जर्मनीत शिकायला जाण्यासाठी डाडची, म्हणजे १९२५ साली सुरू झालेल्या जर्मन विनिमय संस्थेची शिष्यवृत्ती मिळते. मी अर्ज केला तेव्हा नव्वदचे दशक सरत आले होते. अर्जासोबत एक कागद जर्मनच्या शिक्षकांकडून भरून घ्यावा लागे: उमेदवाराला ऐकलेले किती कळते, वाचलेले किती कळते, बोलता किती येते, लिहिता किती येते. पुण्यात आम्हांला जर्मन शिकवणाऱ्या सरांनी तो भरला, सोबत एक पानभर पत्र जोडले आणि पाकीट बंद करून माझ्या हाती दिले. आत काय आहे ते विचारायची पद्धत नव्हती आणि माझी हिंमतही नव्हती.

ते पत्र मी पुढे बऱ्याच वर्षांनी वाचले. सर निवृत्त होताना कपाट आवरत होते. पिवळी पडलेली कार्बन प्रत माझ्यापुढे धरून म्हणाले, "तुझंच आहे, घेऊन जा." पत्रात विशेषणे जवळजवळ नव्हती. ही मुलगी वर्तमानपत्रातला अग्रलेख शब्दकोशाशिवाय वाचते आणि त्यातला मुद्दा स्वतःच्या शब्दांत सांगते, असे एक वाक्य होते. लिहिताना गौण वाक्यातले क्रियापद शेवटी न्यायला ती विसरत नाही, असे दुसरे. आणि तिसरे असे: वक्ता भरभर बोलू लागला की हिचा धागा सुटतो, पण सुटला आहे हे तिला त्याच क्षणी कळते आणि ती थांबवून विचारते. ऐकण्याच्या रकान्यात सरांनी इतर तिन्हींपेक्षा एक पायरी खालचा शेरा दिला होता.

तो खालचा शेरा वाचला आणि जुन्या एका गोष्टीचा उलगडा झाला. डाडच्या शिष्यवृत्तीत विद्यापीठ सुरू होण्याआधी भाषेचा अभ्यासक्रम देण्याची सोय असते आणि तो किती महिन्यांचा द्यायचा हे उमेदवाराच्या भाषेची तयारी पाहून ठरते. मला चार महिन्यांचा मिळाला होता. तिथे रोज सकाळी ध्वनिफिती ऐकायच्या, दुपारी गावातल्या माणसांशी बोलून नोंदी करायच्या, असा क्रम होता. सत्र सुरू झाल्यावर पहिल्याच व्याख्यानाला प्राध्यापक तिथल्या भागातल्या बोलीच्या वळणाने बोलू लागले, तेव्हा मला निदान टिपणे घेता आली. सरांनी चारही रकान्यांत 'उत्तम' लिहिले असते, तर ते चार महिने मला मिळाले असते का, याची मला शंका आहे. शिक्षकाने प्रामाणिकपणे नोंदवलेली उणीव विद्यार्थ्याच्या कामी येते, हे मी त्या कार्बन प्रतीवरून शिकले.

आज अशी पत्रे मी लिहिते. २००१ साली युरोपची सामाईक भाषापातळी प्रसिद्ध झाली आणि 'चांगले', 'बरे' या शब्दांच्या जागी ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्या आल्या. काम त्याने सोपे झाले, पण मोहही वाढला. "मॅडम, सी-१ लिहा ना, माझं होईलच तोवर," असे मुले म्हणतात. त्यांची घाई मला समजते. पण अर्जात दुसरीकडे परीक्षेचे बी-१ चे प्रमाणपत्र असेल आणि माझ्या कागदावर सी-१, तर वाचणारा दोन्हींतला एक कागद बाजूला ठेवणार, आणि तो माझा असणार. परीक्षा दिल्यानंतर मुलगी खरेच पुढे गेली असेल, तर ते कशावरून म्हणते हे मला सांगावे लागते: कोणत्या वर्गाला मी शिकवले, किती काळ, त्यात तिने काय वाचले, काय लिहिले.

प्रमाणपत्र एका दिवसाची परीक्षा सांगते. मुलगी अडते तेव्हा काय करते, हे ते सांगू शकत नाही. ते वर्षभर समोर बसलेल्या शिक्षकालाच ठाऊक असते, आणि पत्राची खरी जागा तिथेच आहे.

मध्यंतरी इतिहासाची एक विद्यार्थिनी पत्रासाठी आली. तिचा विषय तंजावरच्या मराठ्यांचा होता. सरफोजी राजांना लहानपणी श्वार्त्स या जर्मन मिशनऱ्याने शिकवले. ज्या मिशनचा तो होता, त्या मिशनची माणसे १७०६ पासून तरंगमबाडीहून जर्मनीतल्या हाले गावी पत्रे आणि दैनंदिन्या पाठवत. त्या तिथल्या फ्रांके संस्थेच्या दफ्तरात आहेत आणि तिला त्या वाचायच्या होत्या. तिच्याकडे बी-२ चे प्रमाणपत्र होते, पण बी-२ च्या परीक्षेत अठरावे शतक येत नाही. म्हणून मी तिला एका दुपारी बोलावले आणि दोन पाने पुढे ठेवली.

पहिले पान हालेच्या छापील वृत्तांतातले, जुन्या टोकदार गॉथिक अक्षरांतले. त्या छपाईत लांब 'एस' जवळजवळ 'एफ'सारखा दिसतो. एका शब्दाला ती त्यामुळे अडखळली, वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचले आणि अर्थ लागत नाही म्हणून स्वतःच अक्षर बदलून पाहिले. वाक्ये अर्ध्या अर्ध्या पानाची होती. ती आधी शेवटचे क्रियापद शोधून त्याखाली रेघ मारायची, मग कर्ता, मग मधले सारे. अर्ध्या तासात तिने पानाचा मजकूर मला मराठीत नीट सांगितला.

दुसरे पान हस्तलिखिताचे, कुरेंट लिपीतले. ही जर्मनांची मोडी म्हणा. तिच्यात 'ई' आणि 'एन' जवळजवळ सारखे दिसतात आणि 'यू' ओळखू यावा म्हणून त्याच्या डोक्यावर लहानशी आकडी काढतात. लिहिणारे परकी नावे बहुधा साध्या रोमन वळणात लिहीत, म्हणून गावांची आणि माणसांची नावे तिला लगेच सापडली. त्यांच्या भोवतीचे जर्मन मात्र उलगडेना. एका तासात तीन ओळी झाल्या, त्यांतही दोन शब्द राहिले. कोणते राहिले ते तिने वहीत नोंदवून ठेवले, अंदाजाने भरले नाहीत.

पत्रात मी हेच लिहिले. आधुनिक जर्मन बी-२, वाचन त्याहून थोडे पुढे. अठराव्या शतकातला छापील मजकूर स्वतंत्रपणे वाचते, कसा वाचते तेही. हस्तलिखित आज वाचू शकत नाही. लिपीचे शिक्षण मिळाले तर वाचेल असे मला वाटते, कारण न लागलेला शब्द ती न लागलेलाच ठेवते. संशोधकाच्या भाषेबद्दल याहून मोठी ग्वाही माझ्याजवळ नव्हती. मग तिला म्हटले, "अर्जातही लिपी शिकायला वेळ धर. नाहीतर तुझी योजना एक सांगेल आणि माझं पत्र दुसरंच." तिने पहिल्या तीन महिन्यांत लिपी आणि छापील वृत्तांत, हस्तलिखिते त्यानंतर, अशी आखणी बदलली. तिची निवड झाली.

पत्राच्या शेवटी मी माझा फोन नंबर देते आणि काही विचारायचे असल्यास विचारा असे लिहिते. सही करण्याआधी प्रत्येक वाक्यापाशी थांबते: निवड समितीतल्या कोणी उद्या फोन करून "हे तुम्ही कशावरून म्हणता?" असे विचारले, तर मला एखादा वर्ग, एखादी वही, एखादी दुपार सांगता येईल का? जिथे येत नाही, ते वाक्य मी काढून टाकते. पत्र त्याने आखूड होते, पण विद्यार्थ्याच्या बाजूने उभे राहायला तेवढे पुरते.