बाणाची दिशा

एम.डी.च्या पहिल्या वर्षी जर्नल क्लबमध्ये पेपर मांडायची माझी पाळी आली, तेव्हा विभागातल्या मॅडमनी मला एक जुना पेपर दिला. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचा, 30 सप्टेंबर 1950च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला. विषय धूम्रपान आणि फुप्फुसाचा कॅन्सर. मला वाटलं, सुटलो. सिगारेटने कॅन्सर होतो हे पाकिटावरच लिहिलेलं असतं, त्यात वाचायचं काय?

दोन रात्री बसून मी तो पेपर पिवळ्या हायलायटरने रंगवून काढला आणि आदल्या दिवशी मॅडमना दाखवायला गेलो. त्यांनी पानं चाळली आणि एक कोरा कागद पुढे सरकवला. ‘‘पेपर बंद कर आणि निष्कर्ष एका वाक्यात लिही.’’

मी लिहिलं, ‘सिगारेट ओढणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर होतो.’

‘‘हे तुला आधीपासून माहीत होतं. पेपरमध्ये काय आहे ते लिही.’’

पेपर पुन्हा उघडून चर्चेचा भाग वाचला. लेखकांचं म्हणणं माझ्या वाक्यापेक्षा बरंच मोजकं होतं: फुप्फुसाचा कॅन्सर निर्माण होण्यात धूम्रपान हा एक घटक आहे, आणि तो महत्त्वाचा घटक आहे. ‘एकमेव कारण’ असं नाही, ‘ओढणाऱ्या प्रत्येकाला होतो’ असंही नाही. विडीबद्दल तर अक्षर नाही. पाहणी लंडनमधल्या रुग्णांची होती. मी माझं वाक्य खोडलं आणि त्यांचं लिहिलं.

‘‘आता त्याच्याखाली ‘कारण’ असं लिही आणि पुढे फक्त त्यांनी मोजलेलं मांड.’’

याला वेळ लागला. लंडनमधल्या 20 रुग्णालयांतले फुप्फुसाच्या कॅन्सरचे 709 रुग्ण, आणि प्रत्येकाच्या जोडीला त्याच लिंगाचा, त्याच पाच वर्षांच्या वयोगटातला, दुसऱ्या आजाराचा एक रुग्ण. सगळ्यांना ओढण्याच्या सवयीबद्दल तेच प्रश्न. पुरुषांच्या 649 जोड्यांत कॅन्सरच्या बाजूला कधीच न ओढणारे फक्त 2 निघाले, तर दुसऱ्या बाजूला 27. शिवाय दिवसाला जास्त सिगारेटी ओढणाऱ्यांचं प्रमाण कॅन्सरच्या गटात जास्त.

आकडे लिहिताना मीच चमकलो. दुसऱ्या गटातही 649 पैकी 622 जण ओढणारेच होते. लंडनचा जवळपास प्रत्येक पुरुष तेव्हा धूर काढत होता. एवढा भक्कम समजला जाणारा निष्कर्ष 2 आणि 27 यांच्यातल्या फरकावर आणि ओढण्याच्या कमीजास्त प्रमाणावर उभा होता. ‘ओढणाऱ्यांपैकी अमुक टक्के लोकांना कॅन्सर होतो’ असं या पेपरमधून काढताच येत नाही, कारण सुरुवातच कॅन्सर झालेल्यांपासून केली आहे. माझ्या स्लाइडवर नेमकं तेच वाक्य होतं. ते काढलं.

वर निष्कर्ष, खाली आधारविधानं, असा कागद तयार झाला. मॅडम म्हणाल्या, ‘‘खालचं सगळं खरं धरलं, तरी वरचं आपोआप येतं का? मध्ये काय खरं असायला हवं? त्यांनी न लिहिलेलं पण धरून चाललेलं?’’

रात्री मी तीन गोष्टी काढल्या. एक, शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची सवय बाहेरच्या सामान्य माणसासारखीच असते. दोन, प्रश्न विचारणाऱ्याला रुग्णाचा आजार माहीत असला तरी उत्तरं त्यामुळे बदलत नाहीत. तीन, ओढण्याची सवय आणि कॅन्सर दोन्ही घडवणारी तिसरीच गोष्ट पाठीमागे नाही. पहिलं गृहीतक तर सरळ चुकीचं होतं. तंबाखूने हृदयविकार होतो, श्वासनलिकेचा जुनाट दाह होतो, हे आज आम्ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. म्हणजे रुग्णालयातल्या खाटांवर ओढणारे जास्तच असणार. या शोधावर मी खूश झालो. डॉल-हिलचा पेपर पाडला, असं समजून सकाळी मॅडमच्या खोलीत शिरलो.

त्यांनी ऐकून घेतलं. ‘‘बरं, चुकीचं आहे. मग फरक कुठल्या बाजूला सरकतो? बाण काढ.’’

मी पेन्सिल घेतली. रुग्णालयात ओढणारे जास्त, म्हणजे रस्त्यावरच्या माणसांत न ओढणारे जास्त. त्यांच्याशी तुलना केली असती, तर 27च्या जागी मोठा आकडा आला असता. 2 आणि 27मधलं अंतर वाढलं असतं. बाण निष्कर्षाच्या बाजूने निघाला! मी शोधलेल्या चुकीने पेपर पडत नव्हता; उलट लेखकांना दिसलेला फरक खऱ्यापेक्षा कमी होता.

दुसऱ्या गृहीतकाचा बाण मात्र उलटा होता. समोरच्याला फुप्फुसाचा कॅन्सर आहे हे माहीत असल्यामुळे मुलाखत घेणाऱ्याने जास्त खोदून विचारलं असेल, तर फरक खोटाच फुगला असता. ‘‘याचं त्यांनी काय केलंय ते बघ,’’ मॅडम म्हणाल्या. मी हायलायटर फिरवून पुढे गेलो होतो, त्या तक्त्यात उत्तर होतं. काही रुग्णांना मुलाखतीच्या वेळी फुप्फुसाचा कॅन्सर आहे असं समजलं गेलं होतं, पण पुढे निदान चुकीचं ठरलं. त्यांनाही तसंच खोदून विचारलं गेलं असणार. तरी त्यांच्या सवयी खऱ्या कॅन्सररुग्णांसारख्या नव्हत्या, इतर रुग्णांसारख्या निघाल्या. गृहीतक लेखकांनी ओळखलं होतं आणि हाताशी असलेल्या माहितीतूनच तपासलं होतं.

तिसऱ्याला या पेपरमध्ये पूर्ण उत्तर नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी पुढे 1958मध्ये तिथेच बोट ठेवलं: सिगारेटची ओढ आणि कॅन्सर, दोन्ही एकाच आनुवंशिक गुणातून येत असतील तर? डॉल-हिलच्या तक्त्यातला एक आकडा त्यांना सोयीचा होता. धूर हेच कारण असेल, तर तो आत घेणारे कॅन्सरच्या गटात जास्त हवेत; पण ओढणाऱ्या कॅन्सररुग्णांपैकी 61.6 टक्के लोकांनी धूर आत घेतो असं सांगितलं, तर दुसऱ्या गटातल्या 67.2 टक्क्यांनी. निष्कर्षाला गैरसोयीचा हा आकडा लेखकांनी स्वतःच छापला होता, आणि माझ्या हायलायटरने तो नेमका गाळला होता.

जर्नल क्लबमध्ये मी तो कागदच मांडला. ‘‘मग पेपर बरोबर की चूक?’’ एका सीनिअरने विचारलं. मी म्हणालो, ‘‘धूम्रपान आणि कॅन्सर यांचा संबंध खरा आहे, इथपर्यंत पेपर पक्का आहे. ते कारण आहे, हे म्हणायला एक गृहीतक उघडं राहतं, आणि त्यासाठी दुसरे अभ्यास लागतात.’’ लेखकांनाही ते पटलेलं असावं. 1951मध्ये त्यांनी ब्रिटनमधल्या 40 हजारांहून अधिक डॉक्टरांच्या सवयी आधी नोंदवून घेतल्या आणि मग कोणाला काय होतं याची वर्षानुवर्षं नोंद ठेवली.

आता मी स्वतः जर्नल क्लब घेतो. ‘सॅम्पल लहान आहे’, ‘बायस आहे’ असं कोणी म्हणालं, की मी विचारतो, बाण कुठल्या बाजूला? बहुतेकांनी तो काढलेलाच नसतो. तो काढल्याशिवाय दाखवलेली त्रुटी मी टीका म्हणून धरत नाही.