करलं की केलं?

शुक्रवारची सुट्टी. माहूजच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर लेक इंग्रजी क्रियापदांचा तक्ता भरत होती. तुमच्याकडेही हे झालंच असेल: तीन रकाने. मूळ रूप, साधा भूतकाळ आणि ‘हॅव’ किंवा ‘हॅड’नंतर येणारं रूप.

वर्कशीटवर क्रियापदं एबीसीडीच्या क्रमाने होती. त्यामुळे बिगिन वर, स्विम पार तळाशी, आणि दोघांचं नातं काही दिसेना. मी कागद उलटा केला. म्हटलं, ‘‘स्पेलिंग नंतर, आधी कानाने लाव.’’

सिंग, सॅंग, संग.
ड्रिंक, ड्रॅंक, ड्रंक.
स्विम, स्वॅम, स्वम.

मधला स्वर तेवढा फिरतो: इ, ॲ, अ. रिंग आणि बिगिन तिने स्वतःच त्याखाली आणून बसवले. ‘आय हॅव सॅंग’ लिहिलं होतं, तेही तिनेच खोडलं. ‘हॅव’ आला की तिसरा रकाना, मग ‘संग’च.

मग स्विंग आला. तिने लिहिलं स्वॅंग. पण तिथे दोन्ही रकान्यांत स्वंगच. विन, स्पिन, क्लिंग यांचंही तसंच: इ, अ, अ. ‘‘असं का?’’ जुन्या इंग्रजीत भूतकाळात दोन स्वर असायचे. एकाने गायलं तर ‘ॲ’चं रूप, अनेकांनी गायलं तर ‘उ’चं. त्या ‘उ’चाच पुढे आजचा ‘अ’ झाला. पुढे हा भेद गेला आणि प्रत्येक क्रियापदाने एकच रूप ठेवलं. सिंगने एकवचनाचं, स्विंगने दुसरं. म्हणून या दोन याद्या वेगळ्या लिहायच्या. आणि ब्रिंगला दोन्हींतून बाहेर काढायचं. त्याचं ब्रॅंग होत नाही, ब्रॉट होतं.

अर्ध्या तासाने ती म्हणाली, ‘‘आई, मी सगळं करलं!’’

मी हसले, मग गप्प झाले. बस-बसलं, हस-हसलं, तर कर-करलं. हिशेब बरोबर होता, अगदी ब्रॅंगसारखाच. तिकडे पुण्यात तीन वर्षांचं मूलही ‘करलं’ म्हणतं, पण दिवसभर चहूकडून ‘केलं’ ऐकून ते आपोआप सुटतं. माझी लेक नऊ वर्षांची आहे, आणि तिच्या कानावर ‘केलं’ म्हणणारी माणसं घरात दोनच.

दुसरा कागद घेतला. कर-केलं, जा-गेलं, ये-आलं, मर-मेलं. त्याखाली ‘त’वाले: घे-घेतलं, घाल-घातलं, धू-धुतलं. तिने पुढे लिहिलं, माग-मागतलं. मी म्हटलं, ‘‘मागितलं. सांग-सांगितलं, तसं.’’

‘‘म्हणजे मराठीतपण पाठ करायचं?’’ तिने विचारलं.

माझ्या आईने मला असा तक्ता कधी दिला नव्हता. तशी वेळच आली नाही. आता आमच्या फ्रिजवर दोन तक्ते आहेत. इंग्रजीचा भरला आहे. मराठीचा अजून अर्धा आहे, आणि तो मलाच आठवून आठवून भरावा लागतोय.