किमान कोणतं धरायचं?

मुलुंडच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी निकालाच्या कामाला लागले तेव्हा एक्सेलमध्ये बेरीज आणि सरासरी काढण्यापलीकडे मला फारसं काही येत नव्हतं. क्लासची दुसरी शाखा अंधेरीला. तिथल्या दहावीच्या गणिताच्या सराव परीक्षेचा गठ्ठा मेट्रोने घाटकोपरला आणि तिथून लोकलने मुलुंडला आला. दोन्ही शाखांचा पेपर ८० मार्कांचा, पण प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या. सरांनी सांगितलं, ‘दोन्ही याद्या आधी शून्य ते एकमध्ये आण आणि मग २० पैकी कर. एकत्र गुणवत्ता यादी लावायची आहे.’

२० पैकी करायचं तर ८० ने भागून २० ने गुणायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मग मधे हे शून्य ते एक कशाला, ते मला कळेना. सरांनी कागदावर मांडून दाखवलं. आधी यादीतले सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त मार्क शोधायचे. प्रत्येकाच्या मार्कांतून सगळ्यात कमी मार्क वजा करायचे आणि जे उरेल त्याला जास्त आणि कमी यांच्यातल्या अंतराने भागायचं. अंधेरीच्या यादीत कमीत कमी २६ आणि जास्तीत जास्त ७१ होते, म्हणजे अंतर ४५. ज्या मुलाला ४४ मिळाले तो तळापासून १८ मार्क वर आहे. १८ भागिले ४५ म्हणजे ०.४. त्याला २० ने गुणलं की ८. शीटमध्ये ते असं लिहिलं:

```
=(B2-MIN(B$2:B$41))/(MAX(B$2:B$41)-MIN(B$2:B$41))*20
```

ते डॉलरचं चिन्ह नसेल तर सूत्र खाली ओढताना पट्टाही खाली सरकतो आणि प्रत्येक मुलाचा किमान-कमाल वेगळा होतो. हे सरांनी आधीच बजावलं होतं.

पण गोंधळ त्यानंतरच सुरू झाला. माझ्या हिशोबाने ४४ मार्कांच्या मुलाला २० पैकी ११ मिळायला हवे होते. इथे आले ८. आणि अंधेरीत २६ मार्क मिळवलेल्या मुलीच्या नावापुढे शून्य. गणिताच्या बाईंनी शीट पाहिली आणि लगेच त्या ओळीवर बोट ठेवलं. ‘या मुलीने समीकरणं नीट सोडवलीत. पेपर कोरा देणाऱ्याला शून्य आणि हिलाही शून्य?’

सूत्रात काहीच बिघडलेलं नव्हतं. मुद्दा किमान कोणतं धरलं हा होता. ८० ने भागतो तेव्हा आपण नकळत किमान शून्य आणि कमाल ८० धरलेलं असतं, म्हणजे पेपरचं किमान-कमाल. सरांनी सांगितलेल्या पद्धतीत किमान-कमाल यादीचं होतं. पहिल्या पद्धतीतला आकडा सांगतो की मुलाला पेपरपैकी किती आलं. दुसरीतला सांगतो की वर्गातल्या सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या मुलाच्या दरम्यान तो कुठे उभा आहे. रबराची पट्टी दोन्ही टोकांना धरून ताणली की मधल्या खुणांचा क्रम आणि अंतरांचं प्रमाण तेच राहतं, तसंच इथेही. कुणी कुणाच्या पुढे जात नाही, फक्त टोकं कुठे रोवायची ते आपण ठरवतो.

२०२१ मध्ये करोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली आणि शाळांनी नववीच्या निकालाला ५०, दहावीच्या लेखी मूल्यमापनाला ३० आणि गृहपाठ-तोंडी-प्रात्यक्षिकाला २० असा भार देऊन निकाल लावला. बाईंनी तेव्हा शाळेत ते काम केलं होतं. तिथे मार्क सरळ प्रमाणात उतरवले होते, वर्गातलं किमान कुणी वजा केलं नव्हतं. प्रगतिपुस्तकावर जाणारा आकडा असेल तर बाईंचंच खरं, असं मला वाटतं. वर्गमित्रांना किती पडले यावर कुणाचं शून्य ठरू नये.

मग सरांचा आग्रह का होता? मुलुंडचा पेपर अवघड निघाला होता. तिथे किमान १४, कमाल ६४, अंतर ५०. तिथल्या ४४ मार्कांच्या मुलाचे ३० भागिले ५०, म्हणजे ०.६, आणि २० पैकी १२ होतात. अंधेरीच्या ४४ चे ८, मुलुंडच्या ४४ चे १२. पेपरचा अवघडपणा असा धुऊन निघतो, असं सरांचं म्हणणं. मला ते पटलं, पण अर्धंच. मुलुंडचे मार्क पेपरमुळे कमी पडले की मुलांची तयारी कमी होती, हे या सूत्राला कळत नाही. ते दोन्ही वर्ग सारखेच धरून चालतं. शिवाय सगळी यादी दोनच मुलांवर टांगलेली असते. मुलुंडला एखाद्याने ६४ ऐवजी ७९ मिळवले असते तर अंतर ६५ झालं असतं आणि त्याच ४४ वाल्याचे १२ वरून सव्वानऊवर आले असते, त्याच्या पेपरात काहीही न बदलता. एमएचटी-सीईटी अनेक सत्रांत होते. तिथे पर्सेंटाइल काढतात, म्हणजे त्या सत्रातल्या किती टक्के मुलांना तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी मार्क आहेत ते पाहतात. त्यात एकट्यादुकट्या मुलाने सगळ्यांचा आकडा हलत नाही. चाळीस मुलांच्या वर्गात मात्र तो आकडा फार ढोबळ येतो.

गैरहजर मुलांनी मला सगळ्यात जास्त दमवलं. मुलुंडच्या शीटमध्ये गैरहजर मुलापुढे ० टाकलेला आला होता. त्यामुळे MIN ने १४ ऐवजी शून्य उचललं आणि ४४ चे १२ ऐवजी १३.७५ झाले. हे नुसतं पाहून लक्षात येत नाही, कारण सगळे आकडे ठीकठाकच दिसतात. किमानाचा आकडा वेगळा काढून गठ्ठ्यातल्या सगळ्यात कमी मार्कांच्या पेपराशी ताडून पाहिला तरच सापडतं. जागा रिकामी ठेवली तर MIN ती सोडून देतं, पण वरचं सूत्र त्या मुलाला शून्य समजून वजाबाकी करतं आणि उणे आकडा येतो. ‘गैरहजर’ असं लिहिलं तर त्या ओळीत `#VALUE!` दिसतं. मला हेच बरं वाटतं, कारण चूक डोळ्यांसमोर राहते.

अंधेरीच्या एका मुलाने नंतर पुनर्परीक्षा दिली आणि ७३ मिळवले. जुन्याच किमान-कमालात बसवल्यावर त्याला २० पैकी २०.८९ आले. २० च्या वर किंवा शून्याच्या खाली आकडा गेला की समजायचं, हा मूळ यादीतला नाही. मग त्याला घेऊन सगळी यादी नव्याने काढायची, नाहीतर टोकं आधीच ठरवून टाकायची.

बाईंचा आक्षेप राहिलाच होता. सरांनी त्यावर तळ उचलायचं सुचवलं: शून्य ते २० ऐवजी ७ ते २०. शून्य ते एकमधल्या आकड्याला १३ ने गुणायचं आणि ७ मिळवायचे. अंधेरीच्या ०.४ चे १२.२ होतात आणि २६ वाल्या मुलीला ७. बाई म्हणाल्या, ‘सर, २० पैकी ७ म्हणजे ३५ टक्के, म्हणजे पास. ८० पैकी २६ ला ती पास होत नाही.’ सर थोडा वेळ गप्प बसले.

शेवटी शीटमध्ये दोन रकाने ठेवले. पालकांना जाणारे २० पैकी मार्क ८० ने भागून काढलेले, आणि एकत्र यादी लावण्यासाठी शून्य ते एकचा रकाना, जो क्लासच्या बाहेर जात नाही. किमान आणि कमाल आता सूत्रात दडलेलं नसतं. शीटच्या वर दोन वेगळ्या चौकटींत ते लिहिलेलं असतं, आणि कुठल्या यादीतून घेतलं तेही शेजारी.