एकाच जमिनीचे दोन निकाल

माझ्या आईला तिच्या वडिलांच्या जमिनीत एक तृतीयांश हिस्सा मिळाला. तिच्या पाठच्या बहिणीला, माझ्या मावशीला, त्याच जमिनीतला एक गुंठाही मिळाला नाही. दोघींचा दावा एकच होता, न्यायालय एक होतं, प्रतिवादी एक होता. दोघींचे निकाल वेगळे लागले ते एका लेखी नकाराच्या तारखेमुळे. दाव्याची सगळी कागदपत्रं मीच सांभाळत होते, त्यामुळे हे कसं घडलं ते मी जवळून पाहिलं. वारसाहक्काच्या हिश्श्याचं भिजत घोंगडं अनेक घरांत आहे, म्हणून ते लिहिते आहे.

आमचं आजोळ सातारा जिल्ह्यातलं. आजोबांनी १९६९ साली रजिस्टर खरेदीखताने सहा एकर जमीन घेतली. १९८१ साली ते गेले. मृत्युपत्र नव्हतं. जमीन त्यांनी स्वतः कमावलेली होती, म्हणून हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे आजी, मामा, आई आणि मावशी असे चौघे सारख्या हिश्श्याचे वारस झाले. पुढे आजी गेली आणि तिचा चौथा हिस्सा तिघा मुलांत आला. म्हणजे प्रत्येकी एक तृतीयांश, ऐंशी गुंठे. मुलींना हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. ती दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीबद्दल आहे. बापाने स्वतः घेतलेल्या जमिनीत तो मृत्युपत्र न करता गेला तर मुलगी १९५६ पासूनच मुलाच्या बरोबरीची वारस आहे.

सातबाऱ्यावर मात्र एकट्या मामाचं नाव लागलं. नावापुढे तीन अक्षरं होती: ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. त्या काळी वारसांची नोंद करताना थोरल्या भावाचं नाव असंच लावण्याची सर्रास पद्धत होती. बाकीच्या वारसांची नावं तलाठ्याच्या वारस नोंदवहीत, गाव नमुना सहा-क मध्ये, राहत आणि सातबाऱ्यावर कधी येतच नसत. मामाने जमीन कसली, ऊस केला, विहिरीवर मोटर बसवली. उसाचं बिल आलं की आईला मनिऑर्डर यायची. दिवाळीनंतर शेंगा आणि ज्वारीचं पोतं यायचं. मावशीलाही यायचं, पण मावशीचे यजमान वारले आणि २००५ साली तिने वकिलामार्फत नोटीस देऊन वाटप मागितलं. तिथून तिचं आणि मामाचं बिनसलं.

२००७ साली मामा गेले. मामेभावाने वारसनोंद करून घेतली आणि त्या फेरफारात ए.कु.मॅ. हा शेरा गळाला. आईकडे शेंगा येतच राहिल्या. २०१८ साली त्याने विहिरीलगतचा तुकडा विकायला काढला तेव्हा आईने हिश्श्याचं विचारलं. तो म्हणाला, "आत्या, जमीन चाळीस वर्षं आम्ही राखली. तुमचं आता त्यात काय आहे?" २०१९ साली दोघी बहिणींनी मिळून दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावला.

मामेभावाच्या कैफियतीत हेच वाक्य कायद्याच्या भाषेत आलं. १९८१ पासून जमीन आमच्या एकट्याच्या कब्जात आहे, शेतसारा आम्ही भरतो, वीजबिल आमच्या नावाचं, सोसायटीचं कर्ज आमच्या नावावर. हा कब्जा उघड, अखंड आणि वादींच्या हक्काला विरोधी आहे. बारा वर्षं केव्हाच उलटली, म्हणून दावा मुदतबाह्य आहे.

तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की बारा वर्षं कुठून मोजायची, यावरच सगळं ठरतं. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात अनुच्छेद ६५ आहे. मालकी हक्काच्या आधारे स्थावर मिळकतीचा कब्जा मागायला बारा वर्षांची मुदत आहे, पण ती बाप वारल्याच्या दिवसापासून धावत नाही. समोरच्याचा कब्जा तुमच्या हक्काला विरोधी झाला, त्या दिवसापासून ती धावते. (मिळकत एकत्र कुटुंबाची असेल तर अनुच्छेद ११० लागतो, तिथेही बारा वर्षंच, पण आपल्याला हिश्श्यातून वगळलं आहे हे कळल्यापासून.) कब्जा विरोधी कधी झाला हे सिद्ध करण्याचं ओझंही कब्जेदारावर असतं.

आता भाऊ एकटा कसतो म्हणजे कब्जा विरोधी झाला का? नाही. सहहिस्सेदारांपैकी एकाचा कब्जा हा कायद्याच्या नजरेत सगळ्यांचा कब्जा असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली लक्ष्मी रेड्डी प्रकरणात हे स्पष्ट केलं आणि आजही तेच सूत्र चालतं. एकट्याने कसणं, एकट्याने उत्पन्न खाणं, सातबाऱ्यावर एकट्याचं नाव असणं, यांतलं काहीच तेवढ्यानं पुरत नाही. 'यात तुझा हक्क नाही, मी एकटा मालक' ही भूमिका त्याने उघड घेतली पाहिजे, दुसऱ्या हिस्सेदाराला ती कळली पाहिजे आणि त्यानंतर बारा वर्षं कब्जा तसाच अखंड राहिला पाहिजे. बाहेरच्या माणसापेक्षा नातलगाला हे सिद्ध करणं जास्त कठीण असतं, कारण त्याचा कब्जा मुळात हक्काचाच असतो.

आईच्या बाजूने तीन गोष्टी उभ्या राहिल्या. पहिली, १९८१ च्या फेरफारातला ए.कु.मॅ. शेरा. आमच्या वकीलसाहेबांनी सांगितलं की या शेऱ्याने जमीन एकत्र कुटुंबाची ठरत नाही, पण मामाने ती कोणासाठी धरली होती ते दिसतं. दुसरी, मनिऑर्डरची कुपनं. आईने ती देवघराच्या फळीवर डब्यात ठेवली होती. शेवटचं २००६ सालचं. त्यावर मामाच्या अक्षरात 'तुझ्या वाटच्या उसाचे' असं लिहिलेलं. तिसरी, आईची स्वतःची साक्ष. मी कुलमुखत्यार म्हणून साक्ष द्यायला तयार होते, पण वकीलसाहेबांनी नकार दिला. जे आईने पाहिलं-ऐकलं ते तिनेच सांगायला हवं होतं.

उलटतपासात तिला विचारलं, "भाऊ एकटा जमीन कसत होता हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं ना?" आई म्हणाली, "माहीत होतं. माझ्यासाठी पण कसत होता. म्हणून तर शेंगा यायच्या." "लग्नात तुम्ही म्हणालात ना, मला जमीन नको, माहेर हवं?" "म्हणाले असेन. कागदावर सही नाही केली." हे उत्तर कायद्यालाही धरून होतं. स्थावर मिळकतीतला हक्क तोंडी बोलण्याने सुटत नाही. त्याला रजिस्टर हक्कसोडपत्र लागतं. २००७ च्या फेरफाराची नोटीस आईला बजावल्याचा पुरावा समोरून आला नाही. महसुली नोंद सारा वसूल करण्यासाठी असते, तिने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही. म्हणून आईच्या बाबतीत पहिला उघड नकार २०१८ चाच ठरला आणि दावा मुदतीत आला.

मावशीचं पारडं एका पाकिटाने फिरलं. २००५ च्या तिच्या नोटिशीला मामाने वकिलामार्फत रजिस्टर पोस्टाने उत्तर दिलं होतं: 'वडिलांच्या पश्चात मी एकटा मालक आहे, आपला कोणताही हक्क मला मान्य नाही, यापुढे उत्पन्नाचा हिस्सा मिळणार नाही.' पोहोचपावतीवर मावशीची सही. त्या वर्षापासून तिच्या शेंगा बंद. उघड नकार, तिला माहिती आणि एकट्याचा कब्जा, तिन्ही एका कागदात जुळले. २००५ पासून बारा वर्षं २०१७ साली भरली. दावा लागला २०१९ ला. मामा मध्येच वारले तरी त्यांची वर्षं मुलाच्या वर्षांना जोडली जातात.

मावशी त्या काळात गप्प बसली नव्हती, याचं मला सर्वांत जास्त दुःख आहे. २००७ च्या फेरफाराला तिने हरकत घेतली, पुढे प्रांताकडे अपील केलं, वर्षानुवर्षं तारखांना गेली. आपली केस चालू आहे, असं ती धरून होती. पण तो वाद नोंदीचा होता. नोंदीच्या वादाने हिश्श्याची मुदत थांबत नाही. पुन्हा नोटीस पाठवल्याने थांबत नाही, भावकीच्या बैठकीने थांबत नाही. दिवाणी न्यायालयात दावा दाखल झाला तरच थांबते. एक अपवाद आहे: मुदत संपण्याआधी समोरच्याने तुमचा हक्क लेखी, सही करून कबूल केला तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजतात. मावशीकडे तसा कागद नव्हता.

आणि मुदत गेली की काय जातं? उधारीचा दावा मुदतबाह्य झाला तरी देणं उरतं, फक्त वसुलीचा मार्ग बंद होतो. मिळकतीचं तसं नाही. मुदतीच्या कायद्याचं कलम २७ सांगतं की कब्जाच्या दाव्याची मुदत संपली की मिळकतीवरचा हक्कच संपतो. तो कब्जेदाराकडे जातो. २०१९ च्या रविंदर कौर ग्रेवाल निकालानंतर असा कब्जेदार स्वतः वादी होऊनही मालकी जाहीर करून मागू शकतो. निकालात मामेभावाला दोन तृतीयांश मिळाले, त्यांतले ऐंशी गुंठे मावशीचे होते. निकाल ऐकून मावशी एवढंच म्हणाली, "कोणी मला सांगायचं तरी, की तारीख चालू झालीय."

आईलाही अजून जमिनीत पाय ठेवता आलेला नाही. प्राथमिक हुकूमनाम्याने हिस्सा ठरला. शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, मोजणी होऊन, मगच होणार आहे. पण तिचा हक्क आता शाबूत आहे.

मावशीला जे कोणी सांगितलं नाही ते मी वाचणाऱ्यांना सांगते. माहेरच्या किंवा भावकीच्या जमिनीचा जुना फेरफार आणि सहा-क चा उतारा काढा. मनिऑर्डर असो, बँकेचं पान असो, चिठ्ठी असो, हिश्श्यापोटी आलेल्या प्रत्येक गोष्टीचा कागद जपा. आणि नातलगाने तुमचा हक्क नाकारला, तर तो दिवस लिहून ठेवा. त्यात बारा वर्षं मिळवा. मन वळवायचा प्रयत्न खुशाल करा, पण समजुतीची बोलणी चालू असली तरी त्या तारखेच्या आत दिवाणी न्यायालयात दावा दाखल करा.